पासवर्ड मॅनेजर सक्तीचा का केला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जालन्याचं मुख्य कार्यालय आणि परभणी, हिंगोली, नांदेड, बीड, लातूर इथल्या डेपोंवरच्या सगळ्यांसाठी. येत्या १ तारखेपासून कार्यालयाच्या कामाचा एकही पासवर्ड वहीत, व्हॉट्सॲपवर, एक्सेलमध्ये किंवा ब्राउझरमध्ये साठवायचा नाही. सगळे पासवर्ड बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवायचे, म्हणजे एका मुख्य पासवर्डने उघडणाऱ्या कूटबद्ध, किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या तिजोरीत. सूचना निघाल्यापासून फोनवर, जेवणाच्या सुट्टीत आणि डेपोच्या फेऱ्यांमध्ये जे प्रश्न आले, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत.

आजपर्यंत चाललं होतं की. आत्ताच सक्ती कशाला?

गेल्या मे महिन्यात आपल्या एका डेपोवर जे झालं ते अनेकांनी अर्धवट ऐकलं आहे, म्हणून पूर्ण सांगतो. ज्या सहकाऱ्याच्या खात्यातून हे घडलं त्याची यात चूक नाही, आणि त्याचं नाव विचारू नका.

त्याच्या ऑफिस मेलचा पासवर्ड `Godavari@2019` या धाटणीचा होता. मोठं अक्षर, लहान अक्षरं, आकडे, चिन्ह, एकूण तेरा अक्षरं. आपण घालून दिलेल्या सगळ्या नियमांत बसणारा. काही वर्षांपूर्वी त्याने एका खरेदीच्या वेबसाइटवर ऑफिसच्याच मेल आयडीने खातं उघडलं आणि तिथेही हाच पासवर्ड दिला. पुढे त्या वेबसाइटची यादी चोरीला गेली. चोरणाऱ्याला पासवर्ड फोडावा लागला नाही, अंदाजही करावा लागला नाही. यादीत मेल आयडी होता आणि शेजारी पासवर्ड होता. त्याने तीच जोडी आपल्या मेलच्या लॉगिन पानावर टाकून पाहिली. असं काम माणूस बसून करत नाही. लाखो जोड्या घेऊन एक प्रोग्राम वेगवेगळ्या वेबसाइटचे दरवाजे ढकलून बघतो आणि जो उघडेल त्याची नोंद करून ठेवतो.

आपला दरवाजा एका रविवारी रात्री उघडला. पुढचे नऊ दिवस काहीच झालं नाही, म्हणजे आपल्याला काही दिसलं नाही. त्या नऊ दिवसांत कोणीतरी मेल वाचत होतं. खरिपाचं सोयाबीनचं बुकिंग जोरात होतं, दुकानदार आगाऊ रक्कम भरत होते, आणि कोणाचं बिल किती, पैसे कधी येणार हे सगळं मेलमध्ये होतं. त्याने मेलबॉक्समध्ये एक नियमही लावून ठेवला: ज्या मेलमध्ये 'payment', 'UTR' किंवा 'account' हे शब्द असतील तो इनबॉक्समध्ये न दिसता थेट `RSS Feeds` नावाच्या फोल्डरमध्ये जावा. ते फोल्डर आपल्यापैकी कोणीच उघडत नाही.

दहाव्या दिवशी हिंगोली जिल्ह्यातल्या एका कृषी सेवा केंद्राच्या मालकांना आपल्या खऱ्या मेलवरून, आधीच चालू असलेल्या संभाषणातच उत्तर गेलं: बँकेच्या ऑडिटमुळे रक्कम या दुसऱ्या खात्यावर भरा. बिल आपलं, शिक्का आपला, फक्त खाते क्रमांक आणि आयएफएससी बदललेले. त्यांनी ४,८६,००० रुपये भरले. यूटीआर क्रमांक कळवणारा त्यांचा मेल त्या लपलेल्या फोल्डरमध्ये पडला. चार दिवसांनी त्यांचा फोन आला, "साहेब, पैसे टाकून चार दिवस झाले, माल कधी निघणार?" तेव्हा आपल्याला कळलं. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार केली. खात्यात उरलेली काही रक्कम गोठवता आली, बाकीची तोवर पुढच्या खात्यांत गेली होती. पेरणीच्या तोंडावर त्या माणसाची रक्कम अडकली आणि आपल्यावरचा विश्वासही गेला. हे मला आजही बोचतं.

म्हणून सक्ती. पासवर्ड कठीण करून हे थांबलं नसतं. तो दुसरीकडे कुठेही वापरलेला नसता तर थांबलं असतं. चाळीस-पन्नास ठिकाणी चाळीस-पन्नास वेगळे, एकमेकांशी संबंध नसलेले पासवर्ड कोणाच्याही लक्षात राहत नाहीत, माझ्याही नाहीत. ते काम यंत्राने करायचं.

मी प्रत्येक ठिकाणी थोडा बदल करतो. मेलला `Godavari@Mail`, टॅलीला `Godavari@Tally`. चालणार नाही का?

नाही. चोरलेल्या यादीतला एक पासवर्ड पाहिला की ही पद्धत कोणाच्याही ध्यानात येते, आणि ते प्रोग्राम असे बदल आपोआप करून बघतात: शेवटचा आकडा वाढवणे, वर्ष बदलणे, `a` च्या जागी `@` टाकणे, वेबसाइटचं नाव जोडणे.

ही सवय लागायला आपलाच जुना नियमही कारणीभूत आहे. दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदला, असं आपण सांगत होतो. लोकांनी `@1` चं `@2` केलं, दुसरं काय करणार? अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ साली आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलायला लावावा. आपण नव्वद दिवसांचा नियम आजपासून बंद करत आहोत.

सगळे पासवर्ड एकाच ठिकाणी ठेवायचे म्हणजे सगळी अंडी एकाच टोपलीत नाही का? ती कंपनीच लुटली गेली तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला, आणि तो रास्त आहे. असं झालेलंही आहे. २०२२ साली लास्टपास या मोठ्या पासवर्ड मॅनेजर कंपनीतून ग्राहकांच्या तिजोऱ्यांची बॅकअप प्रत चोरीला गेली. त्यातली वापरनावं, पासवर्ड आणि टिपा कूटबद्ध होत्या, पण वेबसाइटचे पत्ते उघडे होते. म्हणजे कोणाचं खातं कोणत्या बँकेत आहे हे चोराला वाचता येत होतं. बिटवॉर्डन निवडताना मी आधी हेच पाहिलं. तिथे पत्तेही कूटबद्ध होतात.

चोराच्या हाती कूटबद्ध तिजोरी लागते तेव्हा नेमकं काय होतं ते समजून घ्या. तुमचा मुख्य पासवर्ड कंपनीकडे नसतो. तुमच्याच कॉम्प्युटरवर त्या पासवर्डवर एक गणिती क्रिया ६,००,००० वेळा केली जाते आणि त्यातून किल्ली तयार होते. तुम्हाला त्याला सेकंदभर किंवा त्याहून कमी वेळ लागतो. चोराला मात्र प्रत्येक अंदाजासाठी तेवढीच मेहनत करावी लागते. हिशेबासाठी धरू की त्याचं एक भारी ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १०,००० अंदाज तपासतं.

आता मुख्य पासवर्ड नाव, चिन्ह आणि जन्मसाल असा असेल तर: प्रचलित नावं १०,०००, सालं ६०, लिहिण्याच्या पद्धती १०. गुणाकार ६० लाख. सेकंदाला १०,००० प्रमाणे दहा मिनिटांत सगळे संपले. म्हणजे तिजोरी कितीही चांगली असो, किल्ली अशी असेल तर ती तिजोरी राहत नाही. लास्टपासच्या चोरीतही हाच मुद्दा होता. ज्यांचे पासवर्ड कमकुवत होते आणि ज्यांच्या जुन्या खात्यांवर ती गणिती क्रिया फारच कमी वेळा होत होती, त्यांना खरा धोका होता.

मग मुख्य पासवर्ड कसा निवडायचा?

तुम्ही निवडायचाच नाही, फाशांनी निवडायचा. माणसाने 'सुचेल तसा' शब्द घेतला की तो देवाचं नाव, मुलीचं नाव, गाव किंवा शिवी असतो.

अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये फासे टाकून शब्द निवडण्याची ही पद्धत मांडली. आपण तिचं छोटं रूप वापरणार आहोत. मी १,२९६ साध्या मराठी शब्दांची यादी इंग्रजी अक्षरांत छापली आहे. चार फासे टाकले की ६ × ६ × ६ × ६ म्हणजे बरोबर १,२९६ शक्यता होतात. ४-१-६-२ पडलं तर यादीत 4162 समोरचा शब्द घ्यायचा. असं पाच वेळा करायचं. उदाहरणार्थ:

```
vakhar-chimni-pitla-darvaja-ukhal
```

हा छापलेला आहे, त्यामुळे कोणीही हा वापरू नये.

अशा पाच शब्दांच्या शक्यता होतात ३,६५६ लाख कोटी. चोराकडे शब्दांची यादी आहे आणि पद्धतही ठाऊक आहे असं धरलं, तरी वरच्याच वेगाने एका कार्डाला सगळे संपवायला अकरा हजारांहून जास्त वर्षं लागतात. त्याने शंभर कार्डं लावली तरी शंभराहून जास्त वर्षं. शब्द आवडला नाही म्हणून पुन्हा फासे टाकायचे नाहीत. आवडीचा शब्द येईपर्यंत टाकत राहिलात तर निवड पुन्हा तुमचीच होते.

पहिले दोन आठवडे हा पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात पैशांबरोबर ठेवायला माझी हरकत नाही. रोज चार वेळा टाइप केला की बोटांत बसतो. मग कागद फाडून टाका.

ब्राउझर विचारतोच ना, 'Save password?' म्हणून. तेच का नको?

डेपोवर एका कॉम्प्युटरवर तिघं काम करतात आणि विंडोजचं लॉगिन एकच असतं. ब्राउझरमध्ये साठवलेला पासवर्ड तिघांचाही होतो. दुसरं, बऱ्याच जणांनी ब्राउझरमध्ये स्वतःचं घरचं खातं लावलेलं आहे. मग आपल्या ई-वे बिलाचा पासवर्ड त्यांच्या घरच्या मोबाइलवर आणि मुलांच्या टॅबवरही पोहोचतो. माणूस नोकरी सोडून गेला तरी तो तिथेच राहतो. तिसरं, फुकटचं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकलं की त्याबरोबर येणारे चोर प्रोग्राम सगळ्यात आधी ब्राउझरचं पासवर्ड भांडारच उचलतात.

डेपोंवर आता प्रत्येकाचं विंडोज लॉगिन वेगळं करत आहोत. बिटवॉर्डन पाच मिनिटं वापरलं नाही की आपोआप कुलूपबंद होईल. ती मुदत वाढवून मागू नका.

वापरायचं कसं? मला टाइप करायची सवय आहे.

लॉगिनचं पान उघडा, `Ctrl+Shift+L` दाबा, नाव आणि पासवर्ड भरला जाईल. नवीन खातं उघडताना `Generator` मधून पासवर्ड बनवा. तो तुम्हाला वाचायचा नाही की लक्षात ठेवायचा नाही, त्यामुळे वीस अक्षरांचा ठेवा.

काही सरकारी आणि बँकांच्या पोर्टलवर लांबीला मर्यादा असते, किंवा ठरावीक चिन्हंच चालतात. तिथे लांबी कमी करा. नवीन पासवर्ड लावल्यावर लगेच बाहेर पडून पुन्हा आत येऊन बघा. काही जुनी पोर्टल्स लांब पासवर्ड मुकाट्याने कापतात आणि दुसऱ्या दिवशी आत घेत नाहीत. जीएसटी भरायच्या शेवटच्या दिवशी हा शोध लागू नये. जिथे आपोआप भरणं चालतच नाही, स्क्रीनवरचा कीबोर्ड वापरावा लागतो, तिथे `View` करून बघून टाइप करा.

मी `Ctrl+Shift+L` दाबलं आणि काहीच भरलं गेलं नाही. मग कॉपी करून टाकला. बरोबर केलं ना?

इथे थांबा. या यंत्राचा सगळ्यात मोठा उपयोग नेमका याच क्षणी होतो.

बिटवॉर्डन पानाचं चित्र बघत नाही, पत्ता बघतं. ई-वे बिलाचा पासवर्ड `ewaybillgst.gov.in` या पत्त्याशी बांधलेला आहे. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकने हुबेहूब तसंच पान उघडलं, बोधचिन्ह तेच, रंग तेच, पण पत्त्यात ठिपक्याच्या जागी आडवी रेघ असेल किंवा एक अक्षर जास्त असेल, तर आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही. बिटवॉर्डनला तो पत्ता माहीतच नसतो, म्हणून ते गप्प बसतं. ते गप्प बसलं म्हणजे तुम्हाला इशारा दिला. तेव्हा कॉपी करून टाकलात तर चोराच्या हातात स्वतःहून दिलात.

कधी कधी पोर्टल खरोखरच पत्ता बदलतं, त्यामुळे प्रत्येक वेळी फसवणूकच असेल असं नाही. पान बंद करा, पत्ता स्वतः टाइप करा किंवा बिटवॉर्डनमधल्या नोंदीवरचं `Launch` दाबा. तरीही भरलं गेलं नाही तर मला फोन करा. नवीन पत्ता मी तपासून जोडीन. ज्यांनी आधीच असं काही कॉपी करून टाकलं असेल त्यांनी आजच सांगा. रागावणार नाही, पण तो पासवर्ड तासाभरात बदलावा लागेल.

पान उघडताच आपोआप भरलं जाईल अशी सोय चालू करू का?

नको. ती मुद्दाम बंद ठेवली आहे. तुम्ही दाबल्याशिवाय काही भरलं जाऊ नये.

जीएसटी, ई-वे बिल, वाहतूकदारांचं पोर्टल, ही लॉगिनं आम्ही तिघं-चौघं मिळून वापरतो. त्याचं काय?

जिथे प्रत्येकाचं स्वतंत्र लॉगिन निघतं तिथे आधी ते काढून घेऊ. ई-वे बिलात उपवापरकर्ते करता येतात, ते काम सुरू आहे. जिथे निघत नाही तिथे बिटवॉर्डनमध्ये त्या कामाचं एक `Collection` केलं आहे. हिशेब विभागाला हिशेबाचं दिसेल, डेपोला डेपोचं. एकाने पासवर्ड बदलला की सगळ्यांकडे नवा पोहोचतो. 'अरे, नवा काय ठेवलाय?' असे ग्रुपवरचे मेसेज त्यामुळे बंद होतील.

एक मर्यादा लक्षात घ्या. एखाद्याला पासवर्ड न दाखवता फक्त वापरायला देण्याची सोय आहे, पण ती पक्की आड नाही. पानावर भरलेला पासवर्ड थोडी माहिती असलेला माणूस काढून घेऊ शकतो. म्हणून कोणी नोकरी सोडली की त्याला `Collection` मधून काढणं पुरेसं नाही. त्याच्याकडे जे जे होतं ते सगळे पासवर्ड त्याच दिवशी बदलायचे. काय बदलायचं ही यादी आता निदान हाताशी असेल. आजवर ती कोणाच्याच डोक्यात पूर्ण नव्हती.

आयटीवाल्यांना आमचे पासवर्ड दिसणार का?

सामान्यपणे नाही. पण पूर्ण खरं सांगतो. मुख्य पासवर्ड विसरलात तर खातं परत मिळावं म्हणून आपण प्रशासकाकडून पुनर्स्थापनेची सोय चालू ठेवली आहे. ती वापरून प्रशासक तुमचा मुख्य पासवर्ड बदलू शकतो, आणि मग तांत्रिकदृष्ट्या तो तुमच्या खात्यात शिरू शकतो. असं केलं की तुम्हाला मेल येतो आणि नोंदवहीत त्याची नोंद होते. त्याशिवाय आपण नियम केला आहे की तुमच्या लेखी विनंतीशिवाय आणि हिशेब विभागप्रमुखांच्या उपस्थितीशिवाय हे करायचं नाही.

म्हणूनच घरच्या बँकेचे, फेसबुकचे, मुलांच्या शाळेचे पासवर्ड कार्यालयाच्या खात्यात ठेवू नका. त्यासाठी स्वतःच्या मेलवर बिटवॉर्डनचं फुकट खातं वेगळं काढा. मदत मी करीन. एटीएमचा आणि यूपीआयचा पिन कुठेच लिहायचा नाही.

लाइट गेली, नेट गेलं तर?

लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर आधी लॉगिन केलेलं असेल तर नेट नसतानाही तिजोरी उघडते आणि पासवर्ड वाचता येतो. नवीन टाकता किंवा बदलता येत नाही. फक्त एक करा, उन्हाळ्यात किंवा पावसात नेट जाणार हे माहीत असताना बिटवॉर्डनमधून 'Log out' करू नका, 'Lock' करा. बाहेर पडलात तर परत आत यायला नेट लागतं.

एवढं केल्यावर मेसारखं पुन्हा होणार नाही ना?

त्या वाटेने होणं फार अवघड होईल. दुसऱ्या वाटा उरतात. कॉम्प्युटरमध्येच चोर प्रोग्राम शिरला असेल तर उघड्या तिजोरीतलंही तो वाचू शकतो. कोणी फोनवर गोड बोलून ओटीपी विचारला आणि तुम्ही सांगितलात तर पासवर्ड मॅनेजरला त्यात काहीच करता येत नाही. आणि मेल दुकानदाराचाही फुटू शकतो, फक्त आपलाच नाही.

म्हणून दोन गोष्टी याच्या जोडीने आहेत. बिटवॉर्डन आणि मेल या दोन्हींना मोबाइलवरच्या ॲपमधला सहा आकडी कोड लागेल. त्याचा पुनर्प्राप्ती कोड छापून घरी कागदपत्रांत ठेवा. मोबाइल हरवला तर तोच कामाला येतो. आणि खाते क्रमांक बदलल्याचा कोणताही मेल, आपल्याकडून जाणारा किंवा आपल्याकडे येणारा, जुन्या ओळखीच्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय मानायचा नाही. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करायचा नाही. सगळ्या दुकानदारांना हे पत्राने कळवलं आहे.

माझा जुना पासवर्ड फुटलेला आहे का, कसं कळेल?

ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या `haveibeenpwned.com` वर मेल आयडी टाकून तो कोणत्या चोरीत सापडला ते दिसतं. पासवर्डही तपासता येतो, आणि त्यासाठी तो तिकडे पाठवावा लागत नाही. तुमच्या यंत्रावर त्याचा सांकेतिक ठसा निघतो. त्या ठशाची फक्त पहिली पाच अक्षरं जातात आणि त्यांच्याशी जुळणाऱ्या ठशांची यादी परत येते. पूर्ण जुळणी तुमच्याच यंत्रावर होते. बिटवॉर्डनमध्ये नोंद उघडून पासवर्डशेजारचं तपासणीचं चिन्ह दाबलंत तरी हीच तपासणी होते.

तिथे काही सापडलं नाही म्हणजे फुटलेला नाही असं समजू नका. तिथे फक्त उघडकीस आलेल्या याद्या आहेत.

सगळे पासवर्ड एका दिवसात बदलायचे?

नाही. आधी ऑफिसचा मेल, कारण बाकी बहुतेक ठिकाणचा 'पासवर्ड विसरलात?' हा मेल तिथेच येतो. मग बँक, मग जीएसटी आणि ई-वे बिल, मग टॅली. बाकीचे जसजसे वापरात येतील तसतसे, महिनाभरात. वहीतलं पान, एक्सेलची फाइल आणि व्हॉट्सॲपवरचे जुने मेसेज पासवर्ड बदलल्यानंतर काढा, आधी नाही. आधी काढलेत आणि मध्येच अडकलात तर आपलेच हाल.

मेलचा पासवर्ड बदलताना सेटिंगमध्ये `Rules` आणि `Forwarding` एकदा उघडून बघा. तुम्ही न लावलेला नियम दिसला तर तो पुसू नका, स्क्रीनचा फोटो काढा आणि मला फोन करा. पुरावा लागतो.

मला हे एकट्याने जमणार नाही.

सोमवारी परभणी, मंगळवारी हिंगोली, बुधवारी नांदेड, गुरुवारी लातूर, शुक्रवारी बीड असा मी येतो आहे. माणशी पाऊण तास धरला आहे. मोबाइल चार्ज करून आणा. फासे आणि शब्दांची यादी मी आणतो. जालन्याच्या लोकांनी शनिवारी सकाळी माझ्या टेबलापाशी यायचं.